‘गॉट’ आणि ‘रिपेअर्ड’ यांच्यामधली जागा

> ‘आय गॉट माय फोन रिपेअर्ड’ की ‘आय गॉट रिपेअर्ड माय फोन’? मला दोन्ही सारखीच वाटतात.

पहिलेच वाक्य बरोबर आहे. मराठीत ‘दुरुस्त करून घेतला’ हा क्रियापदांचा गट सलग येतो, म्हणून इंग्रजीतही ‘गॉट रिपेअर्ड’ एकत्र ठेवण्याचा मोह होतो. परंतु या रचनेत ‘गेट’नंतर आधी कर्म आणि मग भूतकालवाचक धातुसाधित येते, कारण दुरुस्ती फोनची होते, बोलणाऱ्याची नव्हे. कर्माऐवजी सर्वनाम घालून पाहिले की चूक लगेच कानाला खटकते: ‘आय गॉट इट रिपेअर्ड’ सहज वाटते, ‘आय गॉट रिपेअर्ड इट’ मुळीच नाही.

खरी फसगत ‘हॅव’मुळे होते. ‘आय हॅड माय फोन रिपेअर्ड’ म्हणजे मी फोन दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतला. पण ‘आय हॅड रिपेअर्ड माय फोन’ म्हणजे मी स्वतः तो आधीच दुरुस्त केला होता. हे दुसरे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्यामुळे चूक कोणाच्या लक्षातच येत नाही, आणि (माझ्या मते हे अधिक वाईट) ऐकणारा तुम्हाला मेकॅनिक समजतो.

दुरुस्ती करणाऱ्याचा उल्लेख कर्माच्या जागी केल्यास मात्र रूप बदलते: ‘आय गॉट द मेकॅनिक टू रिपेअर इट’, पण ‘आय हॅड द मेकॅनिक रिपेअर इट’, ‘हॅड’बरोबर ‘टू’ येत नाही.