नाकावरचं केस्तूड, डोक्याची खोक आणि डोळ्याची सूज : अनुभव धागा

धागाकर्ती : ‘नाकाजवळची पुळी फोडू नकोस, मेंदूत जाईल’ हे घरोघरी ऐकू येतं. त्यात तथ्य किती? असे रुग्ण पाहणाऱ्यांनी किंवा हा विषय शिकवणाऱ्यांनी नेमकं लिहावं. घाबरवणारे फॉरवर्ड नकोत.

कानखडा (ईएनटी) : तथ्य आहे, पण प्रत्येक पुळी मेंदूत जात नाही. धोक्याचा भाग म्हणजे नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतचा त्रिकोण. नाकपुडीतला केस उपटला की मुळाशी स्टॅफिलोकोकस जंतू शिरतो आणि केस्तूड होतं. ते पिळलं की पू बाहेर येतो तसाच आतही दाबला जातो. तिथल्या शिरेत संसर्ग होऊन गुठळी धरली, तर ती डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून खोबणीतल्या शिरेत आणि तिथून मेंदूच्या तळाशी असलेल्या कॅव्हर्नस सायनस या शिरेच्या पोकळीपर्यंत पोचू शकते. वरच्या ओठाच्या केस्तुडाला मी जास्त घाबरतो, कारण बोलताना-खाताना ओठ सतत हलतो.

जुनाविद्यार्थी : कारण सोपं आहे. चेहऱ्याच्या शिरांना झडपाच नसतात, म्हणून रक्त उलटं वाहतं.

शवागारातली बाई : परीक्षेत हे चालून जातं, पण अर्धंच बरोबर आहे. चेहऱ्याच्या आणि डोळ्याच्या शिरांमध्ये झडपा सापडल्या आहेत. खरा मुद्दा हा की या शिरा एकमेकींना जोडलेल्या आहेत आणि गुठळीने किंवा सुजेने एक वाट अडली की रक्त दुसऱ्या वाटेने जातं. दुसरी वाट गालातून खोल टेरिगॉइड या शिरांच्या जाळ्याकडे जाते, म्हणून वरच्या दाढेचा संसर्गही कॅव्हर्नस सायनसपर्यंत पोचू शकतो.

सांगोलेकर : माझा प्रश्न डोक्याचा आहे. मुलगा पडला, कपाळाच्या वर खोक पडली, टाके घातले. दुसऱ्या दिवशी दोन्ही पापण्या काळ्यानिळ्या. हे तेच का?

शवागारातली बाई : नाही, पण शेजारचंच प्रकरण आहे. टाळूला पाच थर : कातडी, रक्तवाहिन्या घट्ट धरणारा थर, जाड पांढरा पडदा, मग सैल जाळीदार थर आणि हाडावरचं आवरण. चौथ्या, सैल थरात रक्त साचलं की ते सहज पसरतं. पुढच्या बाजूला स्नायू हाडाला चिकटलेला नसतो, त्यामुळे ते पापण्यांत उतरतं. पण कवटीचा तळ फ्रॅक्चर झाला तरी डोळ्यांभोवती असंच दिसतं. उलट्या, गुंगी, नाका-कानातून पाणी किंवा रक्त यांपैकी काहीही असेल तर आजच दाखवा. धोका आणखी एक : याच थरातून बारीक शिरा हाडातून आत जातात. जखमेत पू झाला आणि ताप आला तर थांबू नका.

टाकेवाला (कॅज्युअल्टी) : दुसऱ्या थरातल्या वाहिन्या आखडून मिटत नाहीत, म्हणून डोक्याची खोक भळाभळा वाहते. चिमटे शोधत बसण्यापेक्षा बोटांनी कडा हाडावर दाबून धराव्यात. आडवी जखम तोंड वासून राहिली तर तिसरा पडदा फाटलाय. तो वेगळा शिवावा, नुसती कातडी ओढून घेऊ नये. आणि आधी भरपूर पाण्याने धुवावी, नाहीतर माती आत राहते.

नेत्रपटल : मूळ प्रश्नाकडे. ठरावीक चित्र असं : वरच्या ओठावरचं केस्तूड पिळलं, काही दिवसांत थंडी वाजून ताप, डोळ्यामागे ठणका, उजवी पापणी सुजलेली. रुग्ण म्हणतो, उजवीकडे पाहिलं की दोन-दोन दिसतं. डोळा बाहेर वळवणारी सहावी नस सायनसच्या पोकळीतूनच जाते, त्यामुळे बहुधा ती आधी अडते. मग पापणी पडते, बाहुली पसरते, कपाळ बधिर होतं. आणि एक-दोन दिवसांत डावा डोळाही सुजला, तर साध्या खोबणीच्या संसर्गापेक्षा कॅव्हर्नसचा संशय बळावतो, कारण दोन्ही सायनस आपसात जोडलेले असतात. रक्ताचं कल्चर घेऊन लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू करावं. शिरांच्या एमआरआय तपासणीची, म्हणजे व्हेनोग्राफीची, वाट पाहत डोस लांबवू नये. उपचार आठवडेच्या आठवडे चालतात.

कानखडा : एक जोड. रुग्णाला मधुमेह असेल आणि नाकात काळी खपली दिसली, तर नुसत्या अँटिबायोटिकवर राहू नका. 2021 मध्ये कोविडनंतरच्या म्युकरने महाराष्ट्रात हेच दाखवलं. बुरशी त्याच ठिकाणी पोचते, पण औषध अँफोटेरिसिन, आणि मेलेला भाग काढावा लागतो.

सांगोलेकर : मग केस्तूड झालं तर घरी काय करायचं?

कानखडा : कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं स्वच्छ फडकं, दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. सुई नको, चुना नको. ताप, पापणीची सूज किंवा दुहेरी दिसणं आलं तर त्याच रात्री दवाखाना.

जुनाविद्यार्थी : गुठळीसाठी रक्त पातळ करणारं हेपरिन देता का?

नेत्रपटल : आमच्याकडे मेंदूत रक्तस्राव नसेल तर देतात.

कानखडा : आमच्याकडे सरसकट नाही. पुरावा दोन्ही बाजूंनी तोकडा आहे, आणि न्यूरोवाल्याला विचारल्याशिवाय मी लिहून देत नाही.