मदत हवी आहे: थायरॉईडची गोळी बाळाच्या पोटात पूर्ण जात नाहीये का?

माझी मुलगी 2 महिन्यांची आहे, जन्मजात हायपोथायरॉईड. सुरुवातीला वजन 3 किलो होतं तेव्हा 37.5 मायक्रोग्रॅम, म्हणजे 25 ची दीड गोळी दिली, किलोला साडेबारा पडत होते आणि दोन आठवड्यांनी फ्री टी-4 छान आला. आता वजन 4.8 किलो, डोस तोच, म्हणजे किलोला जेमतेम 7.8, आणि कालच्या रिपोर्टमध्ये टीएसएच 14, फ्री टी-4 अगदी खालच्या टोकाला. आता गंमत अशी की मी चमच्यात गोळी चुरून थोड्या अंगावरच्या दुधात देते, पण सासूबाई आठवडाभर आख्ख्या बाटलीत घालत होत्या, तळाशी पांढरा चुरा राहिलेला मी स्वतः पाहिला 😣 वर कॅल्शियमचं सिरपही लगेच पाजायच्या, दोन्हीत 4 तास अंतर हवं ना! सोमवारी डॉक्टरांकडे जातोय, तोवर डोस मी वाढवणार नाहीये. कोणाचं असं झालंय का? डॉक्टरांनी लगेच डोस वाढवला की आधी नीट देऊन परत रक्त तपासलं? आणि रक्त सकाळच्या गोळीआधीच देता ना?