मदत हवी आहे: ग्रूच्या मीममधील तिसऱ्या चौकटीचे वाक्य कसे लिहावे?

‘डेस्पिकेबल मी’ (2010) या चित्रपटातील ग्रू फलकावर योजना समजावून सांगतो, त्या चार चौकटींच्या मीमसाठी मी पुढील मजकूर लिहिला आहे: ‘बँकेचा हप्ता थकला आहे’, ‘मित्राकडून उसने घेऊन तो फेडायचा’, ‘आता मित्राचे पैसे थकले आहेत’. चौथ्या चौकटीत, प्रथेप्रमाणे, तिसरेच वाक्य पुन्हा येते.

माझ्या समजुतीप्रमाणे गंमत अशी आहे की तिसऱ्या चौकटीत ग्रू त्याच आत्मविश्वासाने बोलत असतो, त्यामुळे चूक वाचकाला आधी कळते आणि चौथ्या चौकटीत मागे वळून पाहणाऱ्या ग्रूला नंतर. म्हणूनच तिसऱ्या वाक्याला ‘अरेरे!’ जोडून पाहिले तेव्हा विनोद पडला, कारण ग्रूला चूक आधीच कळल्यासारखे वाटू लागले; चौथी चौकट काढली, तर नुसती तक्रार उरली.

आता अडचण एवढीच आहे की दुसरे वाक्य वाचतानाच बहुतेकांना शेवट कळतो. चित्रे व त्यांचा क्रम बदलायचा नाही आणि फलकावर पाच-सहा शब्दांहून अधिक मजकूर नीट वाचता येत नाही. तेव्हा दुसऱ्या वाक्यातून ‘उसने’ हा शब्द काढून मित्राचे कर्ज तिसऱ्या चौकटीपर्यंत लपवावे, की मग ती चूक योजनेतून ओघाने न येता बाहेरून लादल्यासारखी वाटेल?