अनुभव धागा: इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टिंगमध्ये बाईचं नाव यादीत कसं येतं?

फेजतार (धागाकर्ती)
लायसन्स काढून झालं, वायरमन हाताशी आहेत, तरी कोटेशन मागायला फोन येत नाही, हे या धंद्यातल्या अनेक जणींचं दुखणं आहे. बिल्डरचं, हॉस्पिटलचं किंवा छोट्या कारखान्याचं काम निघालं की कोटेशन तिघाचौघांकडूनच मागवतात. ती नावं कुणाच्या तरी तोंडून आलेली असतात. आपलं नाव कुणी घ्यावं, त्याने ते का घ्यावं, आणि ओळखी वाढवताना येणारे अवघड प्रसंग कसे निभवावेत, यावर लिहा. आपली कहाणी नको, काय केलं की चालतं ते सविस्तर हवं. पुरुषांनीही लिहावं, कारण यादी बहुतेक तुमच्याच हातात असते.

बसबार
सुरुवात बिल्डरपासून करू नका. बिल्डरकडे काम पोचतं तेव्हा नावं ठरलेली असतात. नव्या कामाचा वास सगळ्यांत आधी पॅनेल बनवणाऱ्याला लागतो. कन्सल्टंट बजेट काढतानाच सिंगल लाइन डायग्राम त्याच्याकडे अंदाजासाठी पाठवतो आणि वायरिंगचं कोटेशन त्यानंतर बऱ्याच दिवसांनी निघतं. म्हणून पॅनेलवाल्याच्या एस्टिमेशन टेबलावर बसणाऱ्या माणसाशी ओळख ठेवा. मालकापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

ही ओळख चहापाण्याने होत नाही, नीट ऑर्डर दिल्याने होते. पॅनेलची चौकशी पाठवताना इनकमर कोणता, फॉल्ट लेव्हल किती, केबल वरून येणार की खालून, पॅनेल बसणार त्या भिंतीची रुंदी किती, हे एका कागदावर द्या. बहुतेक जण फोटो पाठवून ‘रेट सांगा’ म्हणतात आणि नंतर केबल एंट्री चुकली म्हणून ग्लँड प्लेट साइटवर कापत बसतात. ज्या चौकशीवर परत फोन करावा लागत नाही, ती पाठवणारी बाई त्या टेबलावर लक्षात राहते. मग ‘येत्या महिन्यात काय काय दिसतंय?’ हे विचारता येतं आणि उत्तरही मिळतं.

दुसरी जागा म्हणजे केबल आणि स्विचगिअरच्या डिस्ट्रिब्यूटरचं काउंटर. नवं नाव घेण्याआधी कन्सल्टंट आणि बिल्डरचा परचेसवाला तिथे फोन करून एकच विचारतात: ‘पेमेंट कसं आहे?’ तीस दिवसांची उधारी असेल तर तिसाव्या दिवशी पैसे द्या. उशीर होणार असेल तर पंचविसाव्या दिवशी आपणहून फोन करून तारीख सांगा. तुमच्यामागे तुमच्याबद्दल चांगलं बोलणारा पहिला माणूस बहुधा त्या काउंटरवरचाच असतो.

सिंगललाइन
मी कन्सल्टंटच्या ऑफिसात आहे आणि बिडर लिस्टचा मसुदा माझ्याकडून जातो. वर लिहिलंय ते बरोबर आहे. आमच्या बाजूचंही सांगतो. नवं नाव घालणं ही आमची जोखीम असते. काम रखडलं तर क्लायंट आम्हाला विचारतो, ‘हे नाव कुणी दिलं?’ म्हणून ‘सर, काही काम असेल तर सांगा’ असं म्हणणाऱ्यांना आम्ही हो म्हणतो आणि विसरतो.

चालतं ते असं. आधी एक छोटं काम घ्या. समजा, एका इमारतीच्या कॉमन एरियाचं: जिना, लॉबी, पंप, लिफ्टचा सप्लाय. तीन-चार लाखांच्या आसपासचं. काम संपल्यावर न मागता क्लोजिंग फाइल द्या. तीत साइटवर प्रत्यक्ष जसं झालं तसं ड्रॉइंग हवं, प्रत्येक सर्किटचं मेगर रीडिंग हवं, अर्थ पिटची रीडिंग, पॅनेलचा टेस्ट रिपोर्ट आणि वॉरंटी कार्डं हवीत. मेगर पाचशे व्होल्टवर घेतलंय हे लिहा. एक मेगाओहमच्या खाली काहीच चालत नाही आणि नव्या वायरिंगला ते कितीतरी वर यायला हवं. दोन-तीनच दिसत असेल तर कुठेतरी ओल आहे किंवा वायर ओढताना खरचटलीय, ते शोधूनच फाइल द्या. अर्थ पिटच्या रीडिंगपुढे तारीख घाला. पावसाळ्यात रीडिंग छान येतं, मे महिन्यात तोच पिट वाढीव आकडा दाखवतो आणि मग भांडण होतं.

अशी फाइल हातात दिल्यावर नेमकं मागा: ‘तुमच्या पुढच्या शाळेच्या नाहीतर हॉस्पिटलच्या कामात, दहा लाखांपर्यंत, माझं नाव यादीत घाला. रेट बसला नाही तर काढून टाका.’ याला हो म्हणणं आम्हाला सोपं जातं. क्लायंटने ‘ह्या मॅडम जमवतील का?’ विचारलं तर तीच फाइल मी टेबलावर ठेवतो. मला वेगळी तरफदारी करावी लागत नाही.

कंड्युट_कोल्हापूर
सिंगललाइन, तुमचं सगळं पटलं. पण क्लायंटचा इंजिनिअर साइटवर आपल्याशी बोलतच नाही, आपल्या फोरमनशीच बोलतो, त्याचं काय? प्रश्न मी विचारते, उत्तर तो फोरमनकडे बघून देतो.

बसबार
कंड्युट, याचा तोडगा फोरमनबरोबर आधीच ठरवायचा. फोरमन हाच पहिला सोबती. मीटिंगच्या आदल्या दिवशी त्याला सरळ सांगा: ‘दादा, रेट, तारीख आणि बदल या तीन गोष्टी कुणी तुम्हाला विचारल्या तर “ते मॅडम सांगतील” एवढंच म्हणायचं आणि गप्प राहायचं.’ गप्प राहणं महत्त्वाचं. तो अर्धं उत्तर देऊन बसला की पुढचं सगळं त्याच्याकडेच वळतं. उलट कारागिरीचा प्रश्न आला तर तुम्ही म्हणा, ‘हे दादांना जास्त माहीत आहे.’ मग त्यालाही त्यात मान वाटतो आणि तो मनापासून साथ देतो.

दुसरं, मोजमापाच्या वेळी टेप कुणीही धरू दे, मेजरमेंट शीट तुमच्या हातात हवी. स्लॅबमधल्या कंड्युटचंच बघा. काँक्रीट पडलं की पाइप दिसत नाही आणि बिलाच्या वेळी ‘एवढे मीटर कसे?’ सुरू होतं. म्हणून स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी क्लायंटच्या इंजिनिअरला बोलवा. खोलीनिहाय मीटर लिहा, जंक्शन बॉक्स मोजा, टेप दिसेल असे फोटो काढा आणि जिथल्या तिथे त्याची सही घ्या. ‘उद्या करतो’ म्हणाला तर थांबा, पण सही घेऊनच निघा. सही मागायला आणि द्यायला समोरासमोर यावंच लागतं, तेव्हा तो फोरमनकडे बघून बोलू शकत नाही. दोन-तीन स्लॅबनंतर तो आपोआप तुम्हालाच फोन करतो.

सांगली_स्विचगिअर
संध्याकाळच्या ‘बसण्या’बद्दल कुणीच लिहिलं नाही. डिस्ट्रिब्यूटरची मीट असते, नंतर पार्टी. माझं मत, जावं. पहिला तास थांबावं, सगळ्यांना भेटावं, जेवण लागायच्या आधी निघावं. येण्याजाण्याची गाडी आपली असावी. अजिबात न गेलं तर आपण त्या जगाचे नाहीच असं होतं.

तीनफेज
मला हे पटत नाही. तासाभराने उठताना ‘मॅडम, इतक्यात?’ म्हणून जो आग्रह सुरू होतो तो प्रत्येक वेळी नव्याने झेलावा लागतो. त्यापेक्षा मीटच्या तांत्रिक भागाला दुपारी जायचं, पुढच्या रांगेत बसायचं, कंपनीच्या माणसाला दोन खरे प्रश्न विचारायचे आणि निघायचं. ज्याला भेटायचंय त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्याच्या ऑफिसात भेटायचं.

सिंगललाइन
एवढंच सांगतो की माझ्या पाहण्यात तिथे रेट ठरत नाहीत. ‘अमक्याचा प्लॉट सुटला’ अशा बातम्या मात्र फिरतात. ती बातमी पॅनेलवाल्याकडून मिळत असेल तर न गेल्याने फार बिघडत नाही. पण गावात पाच-सहाच कॉन्ट्रॅक्टर असतील तर सांगलीचं म्हणणं जास्त लागू पडेल.

शटडाउन
मी कॉन्ट्रॅक्टर नाही, कारखान्यात मेंटेनन्सला आहे. शटडाउनची मोठी कामं रात्री असतात, म्हणून माझं नावच धरत नाहीत आणि प्रमोशनला मात्र ‘शटडाउन केलंय का?’ विचारतात. इथे कुणाला धरावं?

बसबार
तुमचं गणित वेगळं आहे, पण एक सुचवते. शटडाउनचं नियोजन दिवसा होतं आणि ते कुणालाच नको असतं. कोणता फीडर कधी बंद, कुलूप आणि टॅग कुठे, परमिट कुणाच्या सहीने, कोणते स्पेअर आधी आणून ठेवायचे, ही यादी तुम्ही मागून घ्या. त्या यादीवर तयार करणारी म्हणून तुमचं नाव छापलेलं असू द्या. शिवाय सुरू करतानाच्या पहिल्या पहाटेला हजर राहायची तयारी लेखी कळवा. प्रमोशनच्या बैठकीत ज्याला बोलायचंय त्याच्या हातात हा कागद असतो. त्या बैठकीला नेमकं कोण असतं ते मात्र तुम्हालाच शोधायला हवं.

कंड्युट_कोल्हापूर
अजून एक विचारते. क्लायंटच्या माणसाचे रात्री अकराला ‘झोपलात का?’ असे मेसेज. बिल त्याच्याच सहीने पास होतं, त्यामुळे तोडताही येत नाही.

तीनफेज
रात्री उत्तर द्यायचंच नाही. सकाळी नऊला कामाच्या ग्रुपवर, त्याच्या वरिष्ठासमोर, त्याच माणसाला उद्देशून कामाचाच मेसेज टाकायचा: ‘साहेब, तिसऱ्या मजल्याचं मेजरमेंट आज चारला घेऊ.’ बऱ्याच जणांना तेवढं कळतं. पुन्हा झालं तर एकट्यात, स्पष्ट शब्दांत: ‘रात्री मेसेज करू नका. कामाचं असेल ते ग्रुपवर टाका.’ हसून सांगू नका, हसलं की त्याला वाटेल तो अर्थ तो काढतो. मेसेज मात्र पुसू नका. आणि कन्सल्टंटला त्याच आठवड्यात कानावर घालून ठेवा, म्हणजे बिल अडकलं तर कारण आधीच माहीत असलेला एक माणूस असेल.

सांगली_स्विचगिअर
तक्रारीची वाट आपल्याला बंदच आहे ना? पॉश कायदा नोकरदार बायकांसाठी. शिवाय दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी समिती नसते.

निवेदन
दुसरं अर्धं बरोबर आहे, पहिलं नाही. 2013 च्या कायद्यात पीडित महिला तिथे नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही. कामाच्या जागेच्या संदर्भात त्रास झाला असेल तर बाहेरून आलेली कॉन्ट्रॅक्टरही तक्रार करू शकते, आणि ती त्या माणसाच्या कंपनीच्या अंतर्गत समितीकडे करायची. दहापेक्षा कमी कामगार असल्यामुळे समिती नसेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार हवी. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. नियमांप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती द्यायच्या, सोबत मेसेजच्या प्रिंट आणि साक्षीदारांची नावं. बिल अडकण्याची भीती यातून जात नाही, हे मान्य. म्हणूनच सह्या झालेली मेजरमेंट शीट आणि मेसेज, दोन्ही वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा.

फेजतार (धागाकर्ती)
एक राहिलं. एकाच कन्सल्टंटकडून सारखी कामं मिळायला लागली की बाईबद्दल कुजबुज सुरू होते. पुरुषाला हे कुणी विचारत नाही. यावर काही करता येतं का?

सिंगललाइन
पूर्ण थांबवता येत नाही. आमच्याकडून एवढं करता येतं की तिचं नाव मेलवर, कारणासह द्यायचं: मागचं काम, फाइल, रेट. तोंडी शिफारस केली की तिला पाय फुटतात. आणि तुलना पत्रकात तिचा आकडा बाकीच्यांच्या रांगेत सगळ्यांना दिसू द्यायचा.

बसबार
आणि आपल्या बाजूने, दोन कन्सल्टंट आणि एक थेट क्लायंट असे तिघे तरी हवेत. कुजबुजीसाठी तर हवेतच, पण एकाचं ऑफिस बंद पडलं किंवा तो रिटायर झाला तरी काम चालू राहायला हवं म्हणूनही. दुसरा कन्सल्टंट शोधायचा तर पहिल्यालाच विचारा की एचव्हीएसी किंवा फायरचं ड्रॉइंग तो कुणाकडून करून घेतो. त्यांनाही इलेक्ट्रिकलवाले लागतात, आणि पहिल्याचा धंदा त्यात बुडत नाही, त्यामुळे तो नाव देतो.