फोटोत माझे गाल बारीक केले: आत्याला पाठवलेला मेसेज आणि तुमचे अनुभव

रानजाई
आजीच्या पंच्याहत्तरीला घराच्या दारात सगळ्यांचा फोटो काढला. आत्याने तो ग्रुपवर टाकला. बाकी सगळे जसेच्या तसे, फक्त माझे गाल आत गेलेले. माझ्या कानाशेजारची दाराची चौकटही तेवढ्याच जागी आत वाकली होती, त्यावरून लक्षात आलं. दोन दिवस गप्प राहिले, मग तिला एकटीलाच लिहिलं:

"आत्या, फोटोत आजी किती खुलून हसतेय! पण माझा चेहरा तू बारीक केलायस ना? प्रेमानेच केलं असशील, तरी मला वाईट वाटलं. हे गाल आजीचे आहेत गं, आणि मी तिच्याच शेजारी उभी आहे. मूळ फोटो असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठव. फ्रेमला तोच देऊया."

उत्तर आलं, "अगं, तुझ्यासाठी स्थळं बघतोय ना, म्हणून केलं." फोटो मात्र आला नाही. तुमच्याकडे असं झालंय का?

मधुमालती
केस थोडे पुढे घेऊन किंचित तिरकं उभं राहायचं. गाल दिसत नाहीत.

रानजाई
ताई, मला ते दिसायलाच हवेत.

सह्यवेडा
सोपं आहे. ग्रुपवरचा फोटो गॅलरीत उघडून Revert दाबा, मूळ परत येतो.

जुना कॅमेरा
तो पर्याय आत्याच्या फोनवर चालेल, तेही तिने गॅलरीतच बदल केला असेल तर. ग्रुपवरच्या प्रतीत जुना चेहरा उरलेलाच नसतो. मी लग्नाचे अल्बम करतो, त्यामुळे हे रोजचं आहे. चेहरा बारीक करणारी बरीच ॲप वेगळी फाइल बनवतात, म्हणजे मूळ फोटो कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये त्याच तारखेला सापडायला हवा. डिलीट केला असेल तर ट्रॅश बघा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो तिथे 60 दिवस राहतो. कॅमेऱ्याचा ब्युटी मोड चालू असता तर मूळ मिळणं कठीण होतं, पण तो सहसा सगळ्यांचेच चेहरे बदलतो. इथे तुमचा एकटीचाच बदललाय, म्हणजे हे नंतर केलेलं आहे. डॉक्युमेंट म्हणून मागितलंत ते बरं केलंत, एरवी पाठवताना फोटो दाबला जातो आणि फ्रेमच्या आकारात फुटतो.

घाटावरची
आमच्या काकूंनी माझ्या बहिणीचा रंग उजळवला होता. मी ग्रुपवरच विचारलं, "हिचा खरा फोटो कुठाय?" काकू दिवाळीला आल्या नाहीत. बहीण म्हणते बरं झालं बोललीस, आई म्हणते फोन करायचा होतास. मला अजून ठरवता येत नाही.

रानजाई
आत्याने आता स्क्रीनशॉट पाठवलाय. अगदी लहान आहे, पण गाल माझेच आहेत. म्हणजे मूळ फोटो तिच्याकडे आहे. रविवारी तिच्याकडे जाते, दोघी मिळून शोधू.