ऐकू कमी येणाऱ्या सहकाऱ्याचं अप्रेझल: वर्षभराची सरासरी धरायची का?

हिशेबवही (पणजी):
एका हॉटेलच्या अकाउंट्स विभागाचा मी प्रमुख, डिसेंबरात रुजू झालो. माझ्या हाताखाली पुरवठादारांची बिलं पाहणारा एक मुलगा आहे. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, मशीन लावतो. बिल आल्यापासून पास होईपर्यंत 6 दिवस हे टार्गेट. एप्रिल ते सप्टेंबर त्याची सरासरी 9 दिवस, ऑक्टोबर ते मार्च 5. ऑक्टोबरपासून त्याला फोनऐवजी व्हॉट्सॲपवर पुरवठादारांशी बोलायची मुभा मिळाली आणि सकाळच्या मीटिंगचे मुद्दे लेखी मिळू लागले. वर्षाची सरासरी 7, म्हणजे फॉर्मप्रमाणे "अपेक्षेपेक्षा कमी". आधीच्या साहेबांचा शेरा: "फोन टाळतो, मीटिंगमध्ये गप्प." वरून सांगणं आहे, "बिचारा आहे, सगळीकडे तीन देऊन टाक." मला दोन्ही पटत नाही. काय करावं?

आकडेमोड:
7 म्हणजे 7. टार्गेट सगळ्यांना एक असेल तर मोजपट्टीही एकच हवी. उद्या दुसरा म्हणेल, मला ऑगस्टपर्यंत खुर्ची बरी नव्हती, माझंही अर्धंच वर्ष धरा.

बाकी ती 7 कशी काढली? 9 आणि 5 ची बेरीज भागिले 2? पावसाळ्यात आणि सीझनमध्ये बिलं सारखी येतात का तुमच्याकडे?

हिशेबवही:
नाही. पावसाळ्यात महिन्याला साधारण 400, ऑक्टोबरपासून 650 च्या आसपास.

आकडेमोड:
मग खरी सरासरी साडेसहा. 2400 बिलं 9 दिवसांनी आणि 3900 बिलं 5 दिवसांनी. टार्गेट चुकलंच, पण फॉर्मात 7 लिहू नका. आणि कबूल करतो, काम वाढलं तेव्हा पोरगा जलद झाला हे मला खटकतंय. साधारण उलटं होतं.

सत्तरीचा:
सरकारी नोकरीत दिव्यांगांना 4 टक्के आरक्षण आहेच की. आणखी मार्कांतही सवलत कशाला?

वेर्ण्याची ताई:
सत्तरीचे भाऊ, आरक्षण नोकरीत शिरताना असतं. इथे तो आत बसून काम करतोय, त्या कामाचं मोजमाप चाललंय. आणि सवलत कोणी मागितलेलीच नाही.

हिशेबवही, मी औषध कारखान्यात एचआर बघते. सरासरी थोडा वेळ बाजूला ठेवा, आधी बघा दिवस कुठे गेले. तुमच्या सिस्टममध्ये प्रत्येक बिलाच्या तारखा असतील: बिल आलं कधी, ऑर्डर आणि माल-पावतीशी जुळवलं कधी, शंका काढली कधी, पुरवठादाराचं उत्तर आलं कधी, पास झालं कधी. जुलैची सर्वांत रखडलेली 20 बिलं आणि जानेवारीची 20 काढा. दिवस "शंका ते उत्तर" या टप्प्यात अडकले असतील तर अडथळा फोनचा होता. त्याच्या टेबलावर नुसते पडून असतील तर तो त्याच्या कामाचा प्रश्न, तिथे कानाचा संबंध नाही, आणि ते तसंच लिहायचं.

दुसरं, त्याने ही सोय मागितली कधी? ती तारीख शोधा.

मांडवीकाठ:
एवढी उठाठेव कायद्याने बंधनकारक नाही. 2016 चा दिव्यांगजन हक्क कायदा सोयी द्यायचं सांगतो ते सरकारी आस्थापनांना. खासगी हॉटेलला लागू नाही.

वेर्ण्याची ताई:
अर्धं बरोबर. कलम 20 मध्ये नोकरीत भेदभाव नको, वाजवी सोयी द्या, दिव्यांग आहे म्हणून बढती अडवू नका, हे सगळं सरकारी आस्थापनांना उद्देशूनच आहे. पण कलम 21 प्रत्येक आस्थापनेला समान संधीचं धोरण जाहीर करायला सांगतं. 20 किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी ठिकाणी त्या धोरणात काय सुविधा देणार, कुठली उपकरणं देणार, हेही लिहावं लागतं. हॉटेलात 20 माणसं तर नुसत्या हाउसकीपिंगला असतील. ते धोरण कुठल्या तरी फाइलला असेल, मागून घ्या. तरी अप्रेझल काही वकिलाने करायचं नसतं. आधी तारखा बघू.

लेजरवाली, मडगाव:
कोणीतरी माझ्याही बाजूने बोला. आमच्याकडेही असाच एक सहकारी आहे, स्वभावाने सोन्यासारखा. त्याचे फोन मी घेते. दिवसाला सात-आठ. मासळीवाला तर पहाटेच्या मालाचा हिशेब सकाळी नऊला फोनवरच करतो, मेल बघतच नाही. ते फोन माझ्या अप्रेझलमध्ये कुठे आहेत? त्याचं टार्गेट सुटसुटीत झालं आणि माझं तेवढंच राहिलं.

आणि एक विचारते, राग मानू नका. माणसाला कधी ऐकू येतं, कधी येत नाही, हे कसं? माझ्याशी समोर बसून बोलतो तेव्हा छान ऐकतो.

डिचोलीकर:
लेजरवाली, राग नाही, मलाही लोक हेच विचारत. माझ्या भावाला मशीन आहे. मशीन आवाज मोठा करतं, पण नको तो आवाजही मोठा करतं. शांत खोलीत समोरासमोर, ओठ दिसत असताना त्याला बरंच कळतं. चवथीला घरात आरती, टाळ आणि पंचवीस माणसं एकदम बोलायला लागली की तो हसून मान हलवतो. आम्ही वर्षानुवर्षं समजायचो की त्याला आवडतंय.

माझी स्वतःची गोष्ट वेगळी. मी कुबडी घेऊन चालते. एका कार्यालयात आठ वर्षं माझा रिपोर्ट "प्रामाणिक, कष्टाळू" असा. कोणी कधी साइटवर पाठवलं नाही, "तुम्हाला त्रास नको". बढतीच्या वेळी विचारलं, साइटचा अनुभव किती? शून्य. तेव्हा ते "सगळीकडे तीन" वालं प्रकरण मला ओळखीचं आहे. त्या तीनला नंतर काही किंमत नसते.

हिशेबवही:
दोन संध्याकाळ बसलो. जुलैच्या 20 पैकी 14 बिलं "शंका ते उत्तर" मध्येच अडकलेली. सरासरी 12 दिवस लागले, त्यातले 8 तिथेच. याने मेल पाठवलाय, पुरवठादाराने बघितलेला नाही. भाजीवाले, मासळीवाले, एक बर्फवाला. उरलेली 6 खरोखर त्याच्या टेबलावर पडून होती, कारण काही दिसलं नाही. जानेवारीच्या 20 पैकी शंकेत अडकलेली फक्त 3.

मागणीची तारीखही सापडली. त्याने मे महिन्यात मेल केला होता. मंजुरी ऑक्टोबरात.

पण एक अडचण निघाली. बिलाची दुबार नोंद पहिल्या सहा महिन्यांत 4, दुसऱ्या सहा महिन्यांत 11.

आकडेमोड:
बघा. हजारी काढलं तरी पावणेदोनवरून पावणेतीनच्या वर. वेग वाढला, चुका वाढल्या. याचं काय करणार, हेही कानावर ढकलणार?

वेर्ण्याची ताई:
नाही. पण 11 च्या 11 उघडून बघितल्याशिवाय त्याच्यावरही ढकलायचं नाही. एकाच बिलाची दोनदा नोंद झाली तेव्हा दोन्ही नोंदींत बिल क्रमांक काय आहे?

हिशेबवही:
8 मध्ये एकदा 0142 आणि एकदा 142, असं. पुरवठादार आधी व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो टाकतो, दोन दिवसांनी ड्रायव्हर कागद घेऊन येतो. सिस्टम हुबेहूब तोच क्रमांक असेल तरच अडवते. उरलेल्या 3 साध्या चुका आहेत.

वेर्ण्याची ताई:
म्हणजे नवी सोय दिली, पण तिच्या मागची वाट कोणी बांधली नाही. फोटोवरून फक्त शंका सोडवायची, नोंद कागद आल्यावरच, हे ठरलंच नव्हतं. मी असते तर त्या 8 कार्यपद्धतीच्या खात्यात आणि 3 त्याच्या खात्यात टाकल्या असत्या.

आकडेमोड:
इथे मी मानणार नाही. तोच पुरवठादार, तीच रक्कम, दोन दिवसांच्या अंतराने. अकाउंट्सच्या माणसाच्या डोळ्यांना ते दिसायला हवं. डोळे तर शाबूत आहेत ना? पहिली, दुसरी सोडून द्या. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर त्याने स्वतः येऊन सांगायला हवं होतं. पुढाकार याच रकान्यात मोजतात.

वेगाच्या बाबतीत मी माघार घेतो. मेमध्ये मागितलेली गोष्ट ऑक्टोबरात मिळाली, तर मधल्या महिन्यांचा उशीर त्याच्या नावावर टाकता येत नाही. मात्र एप्रिलचा महिना आणि टेबलावरची ती 6 बिलं मी सोडणार नाही.

मांडवीकाठ:
आणि त्याने मागितलंच नसतं तर? वरच्याने अंदाजाने ओळखायचं का? मागण्याची जबाबदारी मागणाऱ्याची.

डिचोलीकर:
मागितलं की "हिला कामं टाळायची आहेत" असा शेरा पडतो, म्हणून लोक मागत नाहीत. त्याच्या रिपोर्टात "फोन टाळतो" लिहिलंय ना, तेच. हिशेबवही, तुम्ही त्याला स्वतःला विचारलंत का अजून?

हिशेबवही:
आज विचारलं. शांत केबिनमध्ये, समोरासमोर, प्रश्न आधी लिहून दिले होते. "मीटिंगमध्ये गप्प" बद्दल त्याने उत्तर दिलं: मीटिंग किचनच्या पास-काउंटरजवळ उभ्याने होते, एक्झॉस्ट चालू असतो, आणि साहेब बोर्डाकडे तोंड करून बोलतात. लेखी मुद्दे मिळतात, पण मीटिंग संपल्यावर. आधी मिळाले तर त्याला बोलायचं असतं. दुबार नोंदींबद्दल म्हणाला, दोन वेळा लक्षात आलं, स्वतःच रद्द केल्या, सांगितलं नाही. आणखी बोट दाखवलं जाईल अशी भीती होती.

आता माझा मसुदा असा. वेगाचं मूल्यमापन ऑक्टोबर ते मार्च या काळावर, टार्गेट तेच 6 दिवस, निकाल 5, म्हणजे "अपेक्षेपेक्षा चांगलं". मे ते सप्टेंबरच्या पुढे "मागितलेली सोय दिली नव्हती" असं साध्या शब्दांत, तारखांसह. एप्रिल आणि टेबलावरच्या 6 बिलांचा वेगळा उल्लेख. "संवादकौशल्य" या रकान्यात फोन नाही, पुरवठादाराची शंका किती दिवसांत मिटली ते धरतोय. अचूकतेत काय द्यायचं यावर मी अजून अडलोय. ताईंच्या हिशेबाने "अपेक्षेप्रमाणे", आकडेमोडच्या हिशेबाने एक पायरी खाली.

आकडेमोड:
दोन स्वतः पकडल्या असतील तर तेवढ्या 11 मधून वजा करा. सांगितलं नाही हे मात्र लिहा.

लेजरवाली, मडगाव:
छान झालं. पण तुमच्याकडे फोन कोण घेतं हो? सगळेच पुरवठादार काही व्हॉट्सॲपवर आले नसतील.

हिशेबवही:
बर्फवाला आणि दोन भाजीवाले अजून फोनवरच आहेत. एक मुलगी घेते. तुमचा मुद्दा वाचून तिला विचारलं, दिवसाला चार-पाच फोन. एप्रिलपासून तिच्या कामाच्या यादीत ते लिहून टाकतोय, आणि तिचं बँक जुळवणीचं अर्धं काम त्याच्याकडे जाईल. त्याला ते आवडतं असं म्हणाला.

लेजरवाली, मडगाव:
तिला आवडतं का, ते विचारलंत?

हिशेबवही:
उद्या विचारतो.