मदत हवी आहे: रिसेल फ्लॅटचा जुना करारनामा काकांकडे मागायचा कसा?

नवा_कोथरूडकर
मंडळी, कोथरूडमध्ये एका जुन्या सोसायटीत टू बीएचके घेतोय. इमारत 1993 ची. बिल्डरकडून पहिल्या मालकांनी घेतला, त्यांच्याकडून 2001 मध्ये आत्ताच्या काकांनी. काका पंचाहत्तरीचे, व्यवहाराला सरळ. पहिल्याच भेटीत सगळी फाइल समोर ठेवली, वर काकूंनी खिचडी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. टोकन देऊन झालंय.

आता माझ्या बँकेच्या वकिलांनी 1993 चा मूळ करारनामा मागितलाय. फाइलमध्ये त्याची नुसती झेरॉक्स आहे. मी फोनवर विचारलं, "काका, याचं ओरिजिनल कुठे आहे?" पलीकडे शांतता. मग म्हणाले, "इतकी वर्षं राहतोय आम्ही इथे, आजवर कोणी असं विचारलं नाही." त्यानंतर आवाजच बदलला. एजंट म्हणतो, पुन्हा विषय काढू नका, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. कर्जाच्या मंजुरीची मुदत पाच आठवड्यांत संपते. संशय घेतोय असं न वाटू देता कागद कसा मागू? की झेरॉक्सवर भागेल?

मुळशीचा_वारा
आधी सातबारा काढा आणि फेरफार बघा. आमच्या पौडजवळच्या प्लॉटला एका वारसाचं नाव राहिलं होतं, तीन वर्षं तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. लोक गोड बोलतात, कागद बोलत नाहीत.

नवा_कोथरूडकर
फ्लॅट आहे हो, सोसायटीतला. वारसांचा प्रश्न नाही.

नियमावर_बोट
काकांचं कर्ज होतं का? असेल तर कागद त्यांच्या बँकेत अडकला असणार. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, नाहीतर दिवसाला 5000 रुपये. काकांना सांगा बँकेला नोटीस ठोका, उलट पैसे मिळतील.

नवा_कोथरूडकर
होतं. 2001 चं गृहकर्ज, 2013 मध्ये फिटलं. थकबाकी नसल्याचं पत्र फाइलमध्ये आहे.

दस्तवाचक
नियम बरोबर आहे, पण 1 डिसेंबर 2023 पासून पुढे ज्यांचे कागद परत द्यायची वेळ येते त्यांना लागू. 2013 ला फिटलेल्या कर्जाला नाही. मात्र बँकेकडे बोट दाखवलंत ते योग्य.

बत्तीस वर्षं वकिलांच्या ऑफिसात हेच करतोय म्हणून सविस्तर लिहितो. यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण ते एकत्र विचारलेत, म्हणून काका दुखावले. 1993 चा व्यवहार झाला होता का, हा पहिला. त्याचं उत्तर काकांकडून घ्यायची गरजच नाही. फ्लॅटच्या खरेदीचे दस्त ज्या पुस्तकात नोंदतात, त्यातली नक्कल कोणीही अर्ज करून, फी भरून घेऊ शकतो. झेरॉक्सच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर दुय्यम निबंधकाचा शिक्का असेल. त्यावरून हवेलीचं कोणतं कार्यालय, दस्त क्रमांक आणि वर्ष घ्या आणि तिथे प्रमाणित नकलेसाठी अर्ज करा. इतका जुना दस्त ऑनलाइन सापडला नाही तर घाबरू नका, कार्यालयात हाताने शोध घ्यावा लागतो.

दुसरा प्रश्न खरा अवघड. मूळ प्रत कुठे आहे? नक्कल मिळाली म्हणजे मूळ प्रत कोणाकडे गहाण नाही हे सिद्ध होत नाही. मूळ कागद बँकेत ठेवून कर्ज काढता येतं. अशा गहाणाची सूचना नोंदवायची सक्ती महाराष्ट्रात 2013 पासून आली, त्याआधीचं गहाण निबंधकाच्या शोधात दिसेलच असं नाही. वकील अडून बसलाय तो यासाठी. काकांवर त्याचा काही राग नाही.

म्हणून "ओरिजिनल कुठे आहे" असं विचारू नका. "2001 ला तुमच्या हातात काय काय आलं होतं?" असं विचारा. काकांच्या 2001 च्या करारात आधीच्या मालकाने कोणते कागद सुपूर्द केले ते बहुधा लिहिलेलं असतं. आणि कर्ज देताना त्यांच्या बँकेने जमा करून घेतलेल्या कागदांची यादी केली असणार. ती यादी थकबाकीच्या पत्रापेक्षा मोलाची. शिवाय सेक्रेटरींना भेटून सोसायटीच्या वहीत या फ्लॅटवर कोणत्या बँकेचा बोजा नोंदलाय का ते बघा.

सुनंदाताई
मी गेल्या वर्षी सदाशिव पेठेतला आमचा फ्लॅट विकला, त्यामुळे काकांच्या बाजूने बोलते. घेणाऱ्याच्या वकिलाने व्हॉट्सॅपवर सतरा कागदांची यादी टाकली होती, सोबत एक शब्द नाही. ह्यांना रात्रभर झोप नाही. कागद मागितल्याचं दुःख नव्हतं. आपण काहीतरी लपवलंय असं वाटलं. शिवाय या वयात माणसाला सगळ्यात मोठी भीती "मी हरवलं" म्हणायची असते. फोन करू नका, घरी जा. आणि जाण्याआधी असं काही पाठवा:

"नमस्कार काका. बँकेच्या वकिलांनी 1993 च्या करारनाम्याबद्दल विचारलंय, प्रत्येक जुन्या फ्लॅटला विचारतात म्हणे. 2001 मध्ये आधीच्या मालकांकडून कोणते कागद मिळाले ते तुमच्या करारात असेल. रविवारी येऊ का, दोघं मिळून बघू. नक्कल काढायची झाली तर हेलपाटे आणि खर्च माझा."

दस्तवाचक
ताई, उत्तम. एकच भर. पेपरात जाहीर नोटीस द्यायची वेळ आली तर ती छापून येण्याआधी काकांना मसुदा दाखवा. पुण्यात सकाळच्या चहाबरोबर लोक नोटिसा वाचतात. फ्लॅटचा नंबर छापून आला की शेजारी बेल वाजवतात आणि तेव्हा समजलं तर व्यवहार तिथेच संपतो. आणि एजंटचं ऐकू नका. आपल्याकडचे मालकीचे कागद मागितल्यावर दाखवणं ही विकणाऱ्याची कायद्यातली जबाबदारीच आहे. हे काकांना ऐकवायची गरज नाही, पण मागताना तुमच्या मनात अपराधी भाव नको.

नियमावर_बोट
मी तर म्हणेन साठेखतात "मूळ कागद न दिल्यास टोकन दुप्पट परत" असं टाकून मोकळे व्हा.

दस्तवाचक
जो कागद त्यांच्याकडे कधी आलाच नसेल त्याचा दंड ते कशाला भरतील? त्यापेक्षा कागदाच्या पूर्ततेसाठी अमुक तारखेपर्यंत मुदत आणि तोवर दोघांनीही दुसरीकडे बोलणी करायची नाहीत, असं लिहा. काकांनाही दुसऱ्या गिऱ्हाइकाचा गळ राहत नाही.

नवा_कोथरूडकर
रविवारी जाऊन आलो. ताईंचा मेसेज जवळपास तसाच पाठवला होता. काकांनी स्वतःच माळ्यावरची ट्रंक काढून ठेवली होती.

2001 च्या करारात "सर्व कागदपत्रे सुपूर्द" एवढंच मोघम वाक्य. पण सूनबाईंना बँकेची कागद परत दिल्याची यादी सापडली. त्यात तिसऱ्या ओळीत लिहिलंय, "1993 चा करारनामा, छायाप्रत". म्हणजे 2001 लाही बँकेला झेरॉक्सच मिळाली होती. काका ती ओळ दोनदा वाचून म्हणाले, "म्हणजे मी नाही हरवला." चेहरा एकदम सैल झाला. सेक्रेटरींच्या वहीत फक्त काकांच्या बँकेचा बोजा आहे, 2013 ला उतरवलेला. नकलेचा अर्ज टाकलाय.

आता गाडी पहिल्या मालकांवर आलीय. ते वारले, मुलगा परदेशात. काकांकडे त्याचा जुना नंबर आहे.

दस्तवाचक
मुलाला काकांनीच फोन करावा, तुम्ही नको. त्याच्या वडिलांनी 1993 ला कर्ज काढलं होतं का, कोणत्या बँकेचं, एवढंच विचारायचं. नाही म्हणाला तर ते ईमेलवर लिहून घ्या. मग नक्कल, कागद हरवल्याची पोलिसांकडची नोंद, जाहीर नोटीस आणि काकांचं हमीपत्र, एवढ्यावर बऱ्याच बँका पुढे जातात. तुमची जाईल का, ते त्यांच्या वकिलाला आत्ताच विचारा. नोटिशीची मुदत संपल्यावर विचारलंत तर पाच आठवडे पुरणार नाहीत.

नवा_कोथरूडकर
विचारलंय, उत्तर आलेलं नाही. एक शंका. मूळ प्रत काकांकडे कधी नव्हतीच, मग हरवल्याची तक्रार त्यांनी कोणत्या शब्दांत द्यायची? खोटं लिहायला ते तयार नाहीत, आणि मलाही ते पटत नाही.